शू पेस्ट्रीच्या नोंदी: अंडं किती घालायचं हे ठरतं कुठे

४ जून

शू पेस्ट्री म्हणजे एक्लेअर आणि क्रीम पफची पोकळ कवचं ज्या पिठाची होतात ते, आणि ही कवचं आतापर्यंत मीच काढत आले. पुढच्या महिन्यापासून सकाळचा घाणा काकू काढणार आहेत, म्हणून कृती एका कार्डावर उतरवायची आहे. कार्ड असं हवं की मी पुण्यात नसले तरी कवचं तशीच फुगावीत, आतून तशीच पोकळ राहावीत.

अडचण अंड्यांची आहे. बाहेरच्या बहुतेक कृतींमध्ये 'चार अंडी' किंवा 'पाच अंडी' असा आकडा असतो. त्या आकड्यावर विसंबून केलेलं पीठ एक दिवस ताठ होतं, तर दुसऱ्या दिवशी नोझलमधून आपोआप गळायला लागतं. शू पेस्ट्रीत बेकिंग पावडर नसते, यीस्टही नसतं. जे काही फुगतं ते पाण्याच्या वाफेवर, आणि फुगलेलं टिकतं ते अंड्याच्या जोरावर. त्यामुळे अंड्याचं प्रमाण ढिलं सोडून चालणार नाही, आणि नुसती संख्या लिहूनही भागणार नाही. त्याची पक्की खूण काय, ते या नोंदींमध्ये शोधायचं आहे.

सुरुवातीचं माप असं धरलं: पाणी २५० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम, साखर ५ ग्रॅम. अंडी मागाहून, वजनावर.

पहिला टप्पा पाहून काकू म्हणाल्या, "ताई, ही तर मोदकाची उकडच की!" बरोबर आहे त्यांचं. पाण्यात बटर-मीठ घालून उकळी आणायची, मैदा एकदम ओतायचा, गुठळी न होऊ देता ढवळायचं. फरक पुढे येतो. मोदकाच्या उकडीवर झाकण ठेवून आपण वाफ आत कोंडतो. इथे पातेलं उघडं ठेवून, मंद ते मध्यम आचेवर सतत हलवत राहून वाफ घालवायची असते. कार्डावरही 'उकड' हाच शब्द ठेवते, काकूंना तो लगेच कळतो.

बटरचे आधी लहान तुकडे करून घ्यायचे. मोठा गोळा टाकला तर तो वितळेपर्यंत पाणी उकळत राहतं आणि किती उडालं याचा पत्ता लागत नाही. पाण्याला खळखळून उकळी येईल तेव्हाच बटर पूर्ण वितळलेलं असावं, आणि लगेच मैदा पडावा.

६ जून

आज सगळं लक्ष उकडीवर.

मैदा आधी शिजवायचा कशाला, हे काकूंना हिशेबाने दाखवलं. आपल्या पिठात शेवटी, अंड्यातलं पाणी धरून, मैद्याच्या अडीच पट पाणी असतं. कच्च्या मैद्यात एवढं पाणी घातलं तर धिरड्याचं पीठ होईल, त्याचा उभा गोळा राहणार नाही. पण गरम पाण्यात मैद्यातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. म्हणून इतकं पाणी असूनही पीठ पायपिंग बॅगेतून काढल्यावर उभं राहतं. मैद्यातलं ग्लूटेनही उकळत्या पाण्यात शिजून जातं, त्यामुळे पीठ रबरासारखं मागे ओढलं जात नाही. वाफेने ढकललं की ते पसरतं आणि ताणलेलंच राहतं. पोकळी होण्यासाठी नेमकं हेच लागतं.

आता उकड किती वेळ परतायची? सगळीकडे लिहिलेलं असतं की गोळा पातेल्याच्या कडा सोडतो आणि तळाला पातळ पापुद्रा धरतो तोवर. खूण खरी आहे, पण नॉनस्टिक पातेल्यात पापुद्रा नीट धरत नाही, आणि नवख्या माणसाला कडा सुटल्या की सुटल्यासारख्या वाटल्या हे कळत नाही. म्हणून पातेलंच काट्यावर ठेवलं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवलं. सगळं साहित्य मिळून ५०८ ग्रॅम. मैदा पडल्यावर मध्यम आचेवर अडीच मिनिटं परतल्यावर उरलं ४६५. म्हणजे ४३ ग्रॅम पाणी उडालं. या उकडीत २२५ ग्रॅम अंडं घातल्यावर पीठ हवं तसं झालं.

मुद्दाम दुसरी उकड मिनिटभरातच उतरवली. तिच्यातून जेमतेम १५ ग्रॅम पाणी गेलं होतं. त्याच २२५ ग्रॅम अंड्यात ती सैल पडली. पीठ सैल होण्याचं कारण बहुतेक वेळा असं आधीच्या टप्प्यात असतं, अंडं फक्त ते उघडं पाडतं.

उलट बाजूलाही हद्द आहे. उकड फार वेळ परतली की बटर सुटून कडेला तेलकट चमक येते. तेवढ्यावर थांबून चमचा-दोन चमचे गरम पाणी घालून घोटलं तर ती परत एकजीव होते. कार्डावर मापाचा पल्ला लिहिला: उकड ४६० ते ४७० ग्रॅम.

७ जून

अंडी. ट्रेमधली अंडी एक-एक करून काट्यावर फोडली. आपल्याकडे मध्यम म्हणून मिळणारं अंडं कवचासकट ४५ ते ५२ ग्रॅमच्या आसपास भरतं. कवच साधारण दहावा भाग, ते वगळलं की आत ४५ ग्रॅमच्या आगेमागे उरतं. अमेरिकेतल्या कृतींमधलं 'लार्ज' अंडं कवच वगळून ५० ग्रॅमचं धरलेलं असतं. पाच अंड्यांत पंचवीस ग्रॅमचा फरक म्हणजे आपलं जवळजवळ अर्धं अंडं. तिकडची कृती जशीच्या तशी केली की आपल्याकडे पीठ ताठ होतं, त्याचं कारण हे.

म्हणून यापुढे अंडी फोडून, बलक-पांढरं एकत्र फेटून, गाळून, वजन करून ठेवायची. फेटताना फेस आणायचा नाही, नुसतं एकजीव करायचं.

९ जून

अंडं घालताना उकड किती गरम असावी, हे आज पाहिलं.

पांढरं साधारण ६२ अंशांना घट्ट व्हायला लागतं, बलक त्याच्या थोडं पुढे. उकड पातेल्यातून उतरते तेव्हा ८० अंशांच्या वर असते. एका लहान वाटणीत लगेच अंडं ओतलं. जिथे पडलं तिथे पिवळसर कण्या धरल्या, आणि घोटून घोटूनही पीठ तुळतुळीत झालं नाही. शिजून कणी झालेलं अंडं पिठात मिसळत नाही आणि ओव्हनमध्ये ताणलंही जात नाही. म्हणजे जिथे त्याचा उपयोग व्हायचा, तिथे पोचायच्या आधीच ते वाया गेलं.

दुसरी वाटणी परातीत पसरून, उलथण्याने हलवत ५५ अंशांवर आणली आणि मग अंडं घातलं. काही अडचण आली नाही. पूर्ण गार करायचीही गरज नाही. गार उकडीतलं बटर गोठून पीठ आहे त्यापेक्षा घट्ट वाटतं, आणि मग हात अंडं जास्त घालतो. थर्मामीटर नसेल तर उकडीत बोट दोन-तीन सेकंद सुखाने राहिलं पाहिजे.

अंडं मिसळताना एक गोष्ट काकूंना दोनदा दाखवली, कारण नवीन माणूस इथे हमखास घाबरतो. पहिलं पळीभर अंडं पडलं की उकडीचे बुळबुळीत तुकडे होतात, एकमेकांवरून घसरतात, सगळं फाटल्यासारखं दिसतं. तसंच घोटत राहायचं. अर्ध्या-एक मिनिटात तुकडे चिकट होतात, मग एकत्र येतात, मग चमक धरतात. बलकातलं लेसिथिन बटर आणि पाणी एकमेकांत धरून ठेवतं, ती ही चमक. चमक आल्याशिवाय पुढची पळी घालायची नाही, आणि पिठाची परीक्षाही करायची नाही.

शेवटची ३०-४० ग्रॅम अंडी हातात ठेवून मग पीठ बघत बघत चमच्याने घालायची. उलथणं पिठातून वर उचललं की पीठ जड होऊन हळूच खाली गळावं आणि उलथण्याला लोंबता गुळगुळीत त्रिकोण राहावा. त्रिकोणाची कड फाटलेली, दातेरी असेल तर पीठ अजून ताठ. त्रिकोण न राहता धार लागली तर सैल. दुसरी खूण बोटाची: पिठात बोटाने खोल चर ओढायची. काठ हळूहळू आत सरकले तर बरोबर. चर जशीच्या तशी उभी राहिली तर अंडं कमी, लगेच बुजली तर जास्त.

१२ जून

आज ओव्हनच्या आत काय चालतं ते पाहिलं. दार उघडलं की बाकीच्या कवचांवर परिणाम होतो, म्हणून एका ट्रेवर चारच गोळे, आणि दर वेळी वेगळा ट्रे ठराविक मिनिटांनी बाहेर काढून लगेच सुरीने कापला. तापमान २०० अंश, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, पंखा बंद. गोळे ४ सेंमी रुंदीचे.

आठ मिनिटांनी काढलेला गोळा नुकताच वर उचलला गेला होता. कापला तर आत ओलं पीठ आणि त्यात मटाराएवढे बुडबुडे. घोटताना पिठात अडकलेली हवा आणि तिच्याभोवती जमणारी वाफ, असे ते बुडबुडे.

बारा-तेरा मिनिटांनी काढलेल्या गोळ्याची उंची जवळपास दुप्पट झाली होती, रंग मात्र फिकट. आत चित्र बदललं होतं. लहान बुडबुड्यांमधल्या भिंती फाटून दोन-तीन मोठ्या खोल्या झाल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये ओल्या पिठाचे धागे ताणलेले होते. उजेडासमोर धरल्यावर ते धागे पारदर्शक दिसले. तो अंड्याच्या प्रथिनांचा आणि शिजलेल्या स्टार्चचा पातळ पडदा. हा पडदा वाफ अडवतो, आणि वाफ त्याला बाहेर ढकलत नेते. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते, त्यामुळे थोडंसं पाणीही पुरतं. हा गोळा कापल्यावर मिनिटभरात खाली बसला, कारण भिंत अजून ओली होती.

अठरा मिनिटांचा सोनेरी होता, आत एकच पोकळी आणि कडेला ओले धागे. बाहेर ठेवल्यावर तोही सुरकुतला. बाहेरून झालेला दिसतो म्हणून लोक इथेच फसतात.

शेवटचा ट्रे अठरा मिनिटांनंतर १७० अंशांवर आणखी वीस मिनिटं ठेवला. तो बसला नाही. कवच हातात हलकं लागतं, टिचकी मारली की पोकळ वाजतं, आणि फुगताना पडलेल्या भेगांच्या आतही रंग आलेला असतो. भेगा फिकट असतील तर भिंत अजून ओली आहे.

अंड्याची इथे दोन कामं दिसली, आणि ती एकामागून एक येतात. आधी ते ताणलं जातं, म्हणजे वाफेला जागा करून देतं. मग ते घट्ट होतं, म्हणजे ती जागा तशीच राहते. वाफ काही टिकत नाही, ओव्हनबाहेर आली की ती आकसून परत पाणी होते. तोवर भिंतीने स्वतः उभं राहायला शिकलेलं असलं पाहिजे.

१६ जून

कालपासून मनात प्रश्न होता: अंडं जर मुख्यतः पाणीच आहे, तर ताठ पिठात पाणीच का घालू नये? अंड्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, बाकी प्रथिनं आणि बलकाची चरबी.

निम्मं अंडं काढून त्याऐवजी तेवढंच पाणी येईल असं पाहिलं. ४६५ ग्रॅम उकडीत ११२ ग्रॅम अंडं आणि ८४ ग्रॅम पाणी. पीठ उलथण्यावर चांगलं दिसत होतं, त्रिकोणही धरत होता. ओव्हनमध्ये ते वर उचललंही. पण वाफ भेगांतून निसटत राहिली, आत एक पोकळी न होता पावासारखी जाळी झाली, रंग फिका राहिला, आणि बाहेर काढल्यावर माथा खचला. पिठाचा सैलपणा बरोबर होता, भिंत उभी करणारं प्रथिन नव्हतं.

म्हणून नियम असा लिहिला: ताठ पिठाला अंडंच घालायचं. ठरलेलं अंडं पूर्ण पिठात गेलं असेल आणि तरी किंचित ताठ असेल, तेव्हा चमचा-दोन चमचे कोमट पाणी किंवा दूध चालेल, त्यापुढे नाही.

अंडं नसलेल्या शू पेस्ट्रीची मागणी बरेच जण करतात. आजचं निम्म्या अंड्याचं कवच पाहिल्यावर त्यांना नाही म्हणायला मला कारण मिळालं. अशी पोकळी मला अंड्यावाचून देता येत नाही, आणि दुसरं काहीतरी त्या नावाने विकायचं नाही.

१९ जून

ताठ पीठ मुद्दाम भाजलं: तीच उकड, अंडं १८० ग्रॅमच. बॅग दाबायला जोर लागला, गोळ्यांच्या टोकाला शेंडी राहिली आणि ओल्या बोटाने दाबूनही ती पुरती बसली नाही. ओव्हनमध्ये कवच लवकर कडक झालं, आतली वाफ ताकद लावत राहिली आणि शेवटी एका बाजूने फोडून निघाली. वाकडं कवच, जाड भिंत, आत अर्ध्या सुपारीएवढी पोकळी. क्रीम भरायला जागाच नाही.

याच पिठाचा उरलेला भाग बाजूला ठेवला होता. तो सुधारणं सोपं आहे. फेटलेलं अंडं एक-एक चमचा घालून, दर वेळी चमक येईपर्यंत घोटलं. पीठ गार झालेलं होतं, म्हणून भांडं मिनिटभर कोमट पाण्यावर धरलं. तसं केलं नाही तर गोठलेल्या बटरमुळे पीठ खोटं ताठ दाखवतं. पूर्ण घाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर साधारण ४० ग्रॅम अंडं गेल्यावर त्रिकोण बरोबर लोंबला. भाजल्यावर कवचं इतर दिवसांसारखीच आली.

बॅगेत भरल्यावर पीठ ताठ आहे असं लक्षात आलं तरी ते सरळ बाहेर काढून सुधारावं. ताठ पिठाला उशीर झाला असं काही नसतं.

२३ जून

आजची नोंद मोठी आहे, कारण आज ऑर्डरच्या घाण्यात पीठ सैल पडलं आणि ते वाचवलं.

दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. गॅसचा सिलिंडर संपत आला होता, आच मंद, आणि उकड मिनिटांवर मोजून उतरवली गेली. काट्यावर ती ४९० ग्रॅम भरली, म्हणजे पाणी फक्त १८ ग्रॅम उडालं. आणि आजचा ट्रे मोठ्या अंड्यांचा आला होता. पाच अंडी नेहमीसारखी फोडली तर २५२ ग्रॅम झाली. ती सगळी पिठात गेल्यावर उलथण्यावरून सरळ धार लागली.

हिशेब मांडला. चांगल्या घाण्यात उकडीतलं उरलेलं पाणी २०७ ग्रॅम, आणि २२५ ग्रॅम अंड्यातलं पाणी सुमारे १६९, एकूण ३७६. ते १५० ग्रॅम मैद्याच्या अडीच पट. आजच्या घाण्यात उकडीत पाणी २३२, अंड्यातलं १८९, एकूण ४२१. म्हणजे २.८ पट. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण पीठ उभं राहणं आणि वाहणं यातलं अंतर तेवढंच आहे. बटरमधलं पाणी दोन्हीकडे सारखं, म्हणून धरलं नाही.

अशा वेळी हात सहज मैद्याच्या डब्याकडे जातो. तो रोखायचा. वाटीभर सैल पीठ बाजूला काढून त्यात कोरडा मैदा चमच्याने घातला, काकूंना परिणाम दिसावा म्हणून. आणखी एक वाटी फ्रिजमध्ये ठेवली. उरलेलं सगळं पीठ नव्या उकडीने सावरायचं ठरवलं. वाट्या लहान होत्या, म्हणून हिशेब पूर्ण घाण्याचाच धरला.

नवी उकड चौथाई मापाची: पाणी ६२, बटर २५, मैदा ३८, मीठ चिमूटभर. दुसरा सिलिंडर लावला होता. ही लहान उकड पटकन कोरडी होते, मिनिटभर परतल्यावर साधारण १७ ग्रॅम पाणी गेलं. तिच्यात आता ४५ ग्रॅम पाणी आणि ३८ ग्रॅम मैदा. सैल पिठात मिळवली तर एकूण पाणी ४६६, मैदा १८८. भागाकार पुन्हा अडीचच्या जवळ, २.४८. हवं ते हेच.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. घट्ट उकडीचा गोळा सैल पिठात टाकला तर तो तसाच तरंगत राहतो आणि गुठळ्या होतात. उलटं करायचं: नवी उकड ५५ अंशांवर आणून भांड्यात घ्यायची, तिच्यावर सैल पीठ पळी-पळीने ओतत घोटायचं, जणू तेच फेटलेलं अंडं आहे. अर्ध्याच्या पुढे ते भराभर एकजीव होतं. शेवटी त्रिकोण लोंबला, चर हळू बुजली. वेगळं अंडं घालावं लागलं नाही.

तिन्ही एकाच ट्रेवर, एकाच वेळी भाजले.

नव्या उकडीने सावरलेले गोळे सहा सेंमी रुंद, साडेचार सेंमी उंच झाले, आत एक पोकळी. नेहमीच्या कवचात आणि त्यांच्यात मला फरक दिसला नाही.

कोरडा मैदा घातलेले गोळे ट्रेवर उभे राहिले होते, म्हणून आशा वाटत होती. पण ते जेमतेम तीन सेंमी उंच झाले. भिंत जाड आणि चिवट, आत पांढरे मैद्याचे ठिपके आणि कच्चट वास. कोरड्या मैद्याने पाणी वरवर शोषलं होतं, त्याचा स्टार्च आधी शिजलेला नव्हता. शिवाय घोटताना त्याचं ग्लूटेन ताजं तयार झालं आणि त्याने पीठ मागे ओढलं.

फ्रिजमधलं पीठ तासाभराने छान घट्ट झालं होतं आणि गोळेही देखणे पडले. पण घट्टपणा गोठलेल्या बटरचा होता. ओव्हनमध्ये बटर वितळलं आणि गोळे आठ सेंमीपर्यंत पसरून बिस्किटासारखे चपटे झाले. वाफ पातळ पिठातून वाट काढून निघून गेली, तिला अडवून धरण्याइतका पडदा घट्ट नव्हता. किंचित सैल पीठ काढायला सोपं व्हावं म्हणून फ्रिज ठीक आहे, धार लागलेल्या पिठाला त्याचा उपयोग नाही.

काकूंनी तिन्ही कवचं कापून बघितली आणि म्हणाल्या, "मग मैद्याचा डबा शूच्या दिवशी वरच्या फळीवरच ठेवते." ठेवला.

२७ जून

कवचांचे तळ आत ओढले जात होते, खालून वाटीसारखी खोली. पिठात दोष नव्हता. खालचा रॉड तेज आणि ट्रे त्याच्या फार जवळ. ट्रे मधल्या खणात घेतला, थांबलं. बटर पेपरखाली तूप-बटर लावायचं नाही, गोळे त्यावरून घसरून पसरतात.

४ जुलै

पाऊस लागून आठवडा झाला. कवचं ओव्हनमधून कुरकुरीत निघतात आणि तासाभरात मऊ पडतात. यातला काही भाग हवेच्या दमटपणाचा, पण काही भाग आतूनही येतो. भाजून झालं तरी पोकळीत वाफ आणि भिंतीत थोडा ओलावा उरलेला असतो. कवच गार होताना तो बाहेर येतो आणि साल मऊ करतो.

म्हणून शेवट बदलला. भाजणं पुरं झालं की प्रत्येक कवचाला तळाशी बारीक भोक पाडायचं, क्रीम भरायचं नोझल जाईल एवढं. मग ओव्हन बंद करून, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवायची आणि कवचं दहा-पंधरा मिनिटं आतच सुकू द्यायची. भोक आधी पाडायचं नाही, भिंत सुकायच्या आत वाफ गेली तर कवच बसतं. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी वापरायची असतील तर १६० अंशांवर पाच मिनिटं, गार करून मग क्रीम. भरल्यावर मात्र कितीही काळजी घेतली तरी क्रीमचा ओलावा भिंतीत जातो, त्यामुळे पावसाळ्यात भरणं डिलिव्हरीच्या अगदी आधी.

कार्ड आज लिहून झालं. वर माप, खाली या ओळी:

उकड काट्यावर ४६० ते ४७० येईपर्यंत परतायची, मिनिटं बघायची नाहीत. ५५ अंशांवर आणायची. अंडी फोडून, गाळून २४० ग्रॅम वजन करून ठेवायची, त्यातली २०० ग्रॅम पळी-पळीने घालायची, बाकीची त्रिकोण बघून चमच्याने. उरली तर उरू द्यायची. ताठ असेल तर अंडं. धार लागली तर चौथाई उकड, आणि सैल पीठ तिच्यात ओतायचं. २०० अंशांवर अठरा मिनिटं, १७० वर वीस, दार उघडायचं नाही. भेगांत रंग, मग भोक, मग सुकवणं.

काकूंनी वाचून एकच बदल सांगितला: रिकाम्या पातेल्याचं वजन कार्डावर नको, पातेल्याच्या दांड्यावरच लिहा. रंगाच्या पेनाने ६४२ लिहून टाकलं.